धोब्याची वही आणि टाइम स्लॉट

मागचे दोन वीकांत इथे काहीच लिहिलं नाही, त्याला कारण एक लाँड्री. म्हणजे कपडे धुवायचे राहिले होते असं नाही (ते नेहमीच राहिलेले असतात). झालं असं की इंजिनिअरिंगला माझा रूममेट होता, त्याच्या बाबांची कोथरूडला वीस-बावीस वर्षं जुनी लाँड्री आहे. मागच्या वर्षी त्याच्या डोक्यात आलं की आपण घरून कपडे न्यायचे आणि घरपोच द्यायचे, त्यासाठी एक साईट हवी. आता रूममेट इंजिनिअर असल्यावर साईट कोण करणार? "दोन वीकांतांत करून देतो" असं मी म्हणालो. मंडळी, हे वाक्य ज्याने ज्याने उच्चारलंय त्याला पुढचं सांगायला नको.

तरी केली. नगावर दर असलेली यादी: शर्ट धुऊन इस्त्री २५, पँट ३०, चादर ५०, साडी रोल प्रेस १२० वगैरे. वेळ निवडायला सकाळी ८ पासून रात्री ९ पर्यंत तासातासाचे १३ स्लॉट, आठवड्याचे सातही दिवस. आणि माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे ऑर्डरची स्थिती. हिरवा ठिपका सरकत सरकत `PICKED_UP`, `IN_PROCESS`, `OUT_FOR_DELIVERY`, `DELIVERED` असा जायचा. हपिसात चार जणांना दाखवून झाला होता तो ठिपका.

तीन महिन्यांनी मित्र वही घेऊन घरी आला. ऑर्डरी वाढल्या होत्या. तोटाही वाढला होता. आणि काका, म्हणजे त्याचे बाबा, पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणत होते, "अरे, पण रोज सगळीकडे कशाला जायचं?" मी तेव्हा मनातल्या मनात हसलो होतो. काकांना ऑन-डिमांड कळत नाही, असं मला वाटलं होतं.

तर हा लेख काकांच्या त्या प्रश्नाबद्दल आहे. लोकांनी हा प्रश्न आधी कधी, कुठे सोडवला आणि कुठे कुठे डोकं फोडून घेतलं ते मी गेले दोन वीकांत वाचत बसलो होतो.

सुरुवात मात्र जालावर झाली नाही, आजीच्या कपाटात झाली. आमच्या आजीचं घर दादरला, चाळीत. तिच्याकडे धोब्याची वही होती, १९८० च्या आसपासची. वही कसली, आडव्या रेघांची छोटी डायरी, वर दोरी बांधलेली, म्हणजे खिळ्याला टांगता यावी. प्रत्येक पानावर तारीख आणि खाली: शर्ट ६, पायजमे ४, चादरी २, उश्यांचे अभ्रे ४, सदरे ३, एकूण १९. एकूणच्या पुढे एक टिक. एखाद्या पानावर टिकेऐवजी "१ अभ्रा बाकी" आणि पुढच्या पानावर "मागचा अभ्रा आला". बस्स. ही आजीची ऑर्डर स्टेटस सिस्टीम.

पानं उलटताना आधी माझ्या लक्षात आलं नाही, मग आलं. सगळ्या तारखा आठवड्याच्या अंतराने होत्या. ५, १२, १९, २६. आणि प्रत्येक पानावर जुनी टिक आणि नवी यादी एकाच शाईत. म्हणजे धोबी दारात यायचा, मागच्या आठवड्याचे कपडे द्यायचा, आजी मोजून टिक करायची, आणि तिथेच, त्याच पाच मिनिटांत, नवे कपडे मोजून द्यायची. एक फेरी, दोन कामं.

आता माझ्या साईटवर काय होतं बघा. गिऱ्हाईक मंगळवारी सकाळी १० चा स्लॉट घेतं, कपडे देतं. मग गुरुवारी संध्याकाळी ६ चा स्लॉट घेतं, कपडे परत घेतं. एका ऑर्डरला दोन फेऱ्या, दोन्ही वेगवेगळ्या वेळेला, आणि शेजारचं घर तिसऱ्याच वेळेला. धोब्याने एका फेरीत बसवलेली गोष्ट मी सोयीच्या नावाखाली दोन तुकड्यांत तोडली होती आणि वर त्याला हिरवा ठिपका लावला होता.

पण थांबा, धोब्याचं कौतुक करून थांबणं सोपं आहे. त्याची पद्धत चालायची कारण चाळीत दिवसा घरी कोणीतरी असायचंच. आजी असायची, नाहीतर शेजारच्या काकू. धोबी अकराला आला काय आणि एकला आला काय. शिवाय ती व्यवस्था स्वस्त होती कारण धोबी स्वस्त होता. पिढ्यान् पिढ्या एका जातीच्या गळ्यात बांधलेलं काम, आणि महालक्ष्मीच्या धोबीघाटावर, जो १८९० सालचा आहे, तिथल्या दगडावर उन्हातान्हात उभं राहून करायचं. वहीतला हिशोब सुबक दिसतो, पण तो लिहिताना आजी पंख्याखाली बसलेली असायची.

तर घर रिकामं झालं की काय होतं? नवरा-बायको दोघं नोकरीला, दाराला कुलूप. इथे खऱ्या अर्थाने टाइम स्लॉट जन्माला येतो. आणि त्याचा सगळ्यात मोठा, सगळ्यात महागडा प्रयोग झाला तो लाँड्रीत नाही, किराण्यात. अमेरिकेत, १९९० च्या दशकात.

एकाच प्रश्नाला तिथे दोन कंपन्यांनी दोन उत्तरं दिली. बॉस्टनजवळची स्ट्रीमलाइन नावाची कंपनी म्हणाली, घरी कोणी नसतं ना? मग आम्ही तुमच्या गॅरेजमध्ये एक खोकं बसवतो, त्यात फ्रीजही असेल. तुमचा आठवड्यातला वार आम्ही ठरवणार, त्या वारी आमचा माणूस येऊन सामान ठेवून जाईल. आणि फक्त सामान नाही, ड्रायक्लीनिंगचे कपडेही तिथून नेईल, तिथेच परत ठेवेल. ओळखीचं वाटतंय ना? धोबीच तो, फक्त आजीच्या जागी खोकं.

कॅलिफोर्नियातल्या वेबव्हॅनने उलट उत्तर दिलं. वार-बिर काही नाही, तुम्ही म्हणाल तेव्हा, आणि तेही अर्ध्या तासाच्या नेमक्या खिडकीत. १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात सेवा सुरू झाली. ओकलंडला अवाढव्य यांत्रिक गोदाम बांधलं. गोदामात वस्तू भराभर भरल्या जायच्या यात शंका नाही. अडचण गोदामाबाहेर होती. अर्ध्या तासात एक गाडी विखुरलेल्या घरांपैकी किती घरं करणार? गाडीचा आणि ड्रायव्हरचा खर्च तासावर, आणि कमाई घरावर. तासाला घरं कमी झाली की प्रत्येक घर महाग होतं, मग गोदाम कितीही हुशार असो. ८० कोटी डॉलरच्या आसपास पैसे संपवून जुलै २००१ मध्ये वेबव्हॅन बंद पडली.

इथे लगेच "म्हणजे स्ट्रीमलाइन बरोबर होती" असं म्हणायचा मोह मलाही झाला. पण तीही २००० सालीच बंद झाली होती. प्रत्येक घरी खोकं बसवायचं म्हणजे गिऱ्हाईक मिळवण्याआधीच खर्च, आणि गॅरेज असलेलं घर हवं. वार ठरवून दिल्याने फेरी स्वस्त होते, धंदा आपोआप होत नाही. हा फरक मला लिहून ठेवावासा वाटला, कारण पुढे मी हीच चूक करणार होतो.

आता येऊ लाँड्रीवर. बारा-तेरा वर्षं पुढे. सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन आलाय, उबरमुळे सगळ्यांना "बटण दाबलं की माणूस हजर" याची सवय लागलीय, आणि गुंतवणूकदारांकडे पैसा आहे. २०१३ हे लाँड्रीचं वर्ष म्हणायला हरकत नाही. त्या एका वर्षात निदान तीन नावं घ्यावी लागतील.

प्रिम, वाय कॉम्बिनेटरमधून बाहेर पडलेली. पिशवी भरून कपडे द्या, धुऊन घड्या घालून आणून देतो. २०१४ च्या सुरुवातीला बंद. फार लिहिण्यासारखं तिने मागे ठेवलं नाही.

वॉशिओ, लॉस एंजेलिसजवळच्या सांता मोनिकामधली. ही मात्र गाजली. कपडे न्यायला येणाऱ्याला 'निंजा' म्हणायचे, आणि निंजा येताना गिऱ्हाइकासाठी कुकी घेऊन यायचा. साध्या धुलाईचा दर वजनावर, सुरुवातीला पौंडाला १ डॉलर ६० सेंट, आणि ड्रायक्लीनिंगचा नगावर. गिऱ्हाइकाने वेळ सांगायची, निंजा जाणार, आणि २४ तासांत कपडे परत. सॅन फ्रान्सिस्को, वॉशिंग्टन अशा शहरांत ती पसरली. अभिनेता अ‍ॅश्टन कुचरसारख्यांचे पैसे तिच्यात होते, एकूण दीड कोटी डॉलरच्या वर गुंतवणूक उभी राहिली. ऑगस्ट २०१६ मध्ये बंद.

२४ तास हा आकडा ऐकायला किती छान आहे! पण तो फेरीला काय करतो ते बघा. सोमवारी सकाळी ९ ला नेलेले कपडे मंगळवारी ९ च्या सुमारास द्यायलाच हवेत. त्या वेळी त्या गल्लीत दुसरं काही काम असो वा नसो. एखाद्या इमारतीतल्या चार घरांनी सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार अशी ऑर्डर दिली तर त्या एका इमारतीला आठवड्यात आठ चकरा. धोब्याला ती एक असती. आणि धुलाई स्वतःची नव्हे, बाहेरच्या लाँड्र्यांकडून करून घेतलेली, म्हणजे मधल्या पैशात आणखी एक वाटेकरी. गाडी हाकणाऱ्याचे आणि धुणाऱ्याचे पैसे दिल्यावर पौंडाच्या १ डॉलर ६० मध्ये उरतं काय? उरली ती कुकी.

तिसरी रिन्स, सॅन फ्रान्सिस्कोची, तीही २०१३ मधलीच. दोन कॉलेजमित्रांनी काढलेली, अजय प्रकाश आणि जेम्स जून. यातल्या जूनच्या आईवडिलांचं ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. हे वाचल्यावर मी खुर्चीत सरळ बसलो. दुकानदाराचा मुलगा! आणि या दुकानदाराच्या मुलाने काय केलं? त्याने स्लॉटच काढून टाकले. रिन्सचा माणूस रात्री ८ ते १० मध्ये येणार. दुपारी नाही, सकाळी नाही. ज्या वेळेला नोकरदार माणूस घरी असतो ती वेळ, आणि सगळ्यांना तीच. त्यामुळे एका रात्रीत एका भागातली घरं एकामागोमाग करता येतात, आणि ज्याचे कपडे द्यायचे त्याच्याकडून नवे घेताही येतात. घर दिवसा रिकामं असतं हा प्रश्न वेबव्हॅनने खिडक्या वाढवून सोडवला, रिन्सने एकच खिडकी ठेवून.

वॉशिओ बंद पडली तेव्हा तिच्या गिऱ्हाइकांची यादी रिन्सनेच घेतली.

एवढ्यावरून रिन्स टिकली ती फक्त या दोन तासांमुळे असं मी म्हणणार नाही. एखादी कंपनी का टिकते याला बाहेरून दिसतात त्यापेक्षा जास्त कारणं असतात. पण त्या दोन तासांनी फेरीचं गणित उलटं केलं, हे गणित मला आमच्या लाँड्रीच्या आकड्यांत करून बघता आलं. ते देतो, कारण ते बघितल्याशिवाय मलाही पटलं नव्हतं.

आमची सरासरी ऑर्डर अशी: शर्ट ५, पँट ३, चादर १. म्हणजे १२५ अधिक ९० अधिक ५०, एकूण २६५ रुपये, ९ नग. यात साबण, वीज, धुणाऱ्याची आणि इस्त्रीवाल्याची मजुरी धरून दुकानाचा खर्च १५०. राहिले ११५. यातून ने-आण आणि मग उरलं तर भाडं.

दिवसाला १४ ऑर्डरी होत्या. म्हणजे १४ वेळा न्यायला आणि १४ वेळा द्यायला, २८ दारं. ती १३ तासांत विखुरलेली, तासाला जेमतेम दोन. त्यातलं एक बावधनला आणि दुसरं वारज्याला. तेरा तास एक माणूस राबवता येत नाही, म्हणून दोन पोरं, पेट्रोल धरून रोजचे प्रत्येकी ७००. एकूण १४०० भागिले २८, दाराला ५० रुपये, ऑर्डरला १००. ११५ मधून १०० गेले, उरले १५. दिवसाला १५ गुणिले १४, २१० रुपये. दुकानाचं भाडं सोडा, त्यात चहासुद्धा निघत नव्हता.

बरं, ऑर्डरी वाढल्या की हे सुधारेल ना? मीही मित्राला हेच सांगत होतो. सुधारतं, पण वाढलेल्या ऑर्डरी त्याच १३ स्लॉटमध्ये आणि त्याच तीन-चार उपनगरांत पसरतात. १४ च्या २० झाल्या तरी तासाला दोनाची तीन दारं. तोवर तिसरं पोर लागतं. म्हणून आमच्या ऑर्डरी वाढत होत्या आणि तोटाही.

दुसरी गोष्ट मोजणीची, आणि इथे माझ्या लाडक्या हिरव्या ठिपक्याची लाज निघाली.

नगावर दर असला की कोणीतरी नग मोजायला हवेत. कधी? आजी आणि धोबी दारात मोजायचे, दोघांच्या डोळ्यांदेखत, म्हणून भांडण झालंच तर अभ्र्यावरून आणि तेही पुढच्या आठवड्यापर्यंत. आमच्या पोराला पुढच्या तासाला वारज्याला पोचायचं असायचं. तो पिशवी उचलायचा आणि `PICKED_UP` दाबून निघायचा. नग मोजले जायचे संध्याकाळी दुकानात. मग गिऱ्हाइकाच्या फोनवर बिल जायचं, ८ नग. गिऱ्हाईक म्हणायचं, मी ९ दिले होते. आता खरं कोणाचं? कोणालाच सांगता येत नाही. त्यात सोसायटीच्या वॉचमनकडे पिशवी ठेवलेली असली की मध्ये आणखी एक हात. एकदा एक निळा शर्ट असा गेला की तो कोणाच्या हातात हरवला हे अजून कळलेलं नाही. ठिपका मात्र व्यवस्थित `DELIVERED` वर होता.

ऑर्डरची स्थिती पिशवीची होती, कपड्याची नव्हती. माझ्या डेटाबेसमध्ये ऑर्डरला नंबर होता, पण पिशवी उघडून मशीनमध्ये कपडे टाकले की तो नंबर कुठल्याच शर्टाला चिकटलेला नसायचा. काका मात्र प्रत्येक कपड्याला कागदी टॅग स्टेपल करत होते, त्यांच्या स्वतःच्या नंबरने, आणि दुकानात त्यावरच सगळं चालायचं. माझी सिस्टीम त्या टॅगच्या बाहेर कुठेतरी तरंगत होती.

आणि इथे धोबी पुन्हा एकदा पुढे निघतो. धोब्याची खूण तुम्ही जुन्या कपड्यांवर पाहिली असेल, कॉलरच्या आत किंवा चादरीच्या कोपऱ्यात, काळे ठिपके आणि रेघा. ती बिब्ब्याच्या रसाने करायचे. बिब्ब्याच्या फळाचा रस चुन्यात मिसळला की कापडावर असा काळा बसतो की कितीही धुतला तरी जात नाही. म्हणूनच बिब्ब्याला इंग्रजांनी 'खूण करायचं फळ' अशा अर्थाचं नाव दिलं. कोणाकोणाला मात्र मानेवर नेमकं त्या खुणेच्या जागी पुरळ उठायचं, कारण बिब्बा कातडीला उततो.

गंमत त्या खुणेत काय लिहिलेलं असायचं यात आहे. ऑर्डरचा नंबर नाही, तारीख नाही. फक्त घर. तीन ठिपके आणि एक रेघ म्हणजे जोशांचं घर, कायमचं. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही घाटावर हजार कपड्यांतून ते वेगळं काढता यायचं. कपडा जन्मभर आपला पत्ता अंगावर घेऊन फिरायचा. पोलीस तपासातसुद्धा धोब्याच्या खुणेवरून माणसाचा माग काढायचे, इतकी ती पक्की. मी ज्याला फॉरेन की म्हणतो ती त्याने बिब्ब्याने शर्टावर काढून ठेवली होती.

आठवड्याला एकच फेरी असल्यामुळे त्याला ऑर्डर नंबर लागायचाच नाही, हेही त्यातच आलं. एका घराचे दोन गठ्ठे एकाच वेळी घाटावर नसायचे. वेळेचा नियम साधा ठेवला की हिशोबही साधा होतो. मी वेळ मोकळी सोडली आणि मग त्यातून झालेला गोंधळ कोड लिहून आवरत बसलो.

असो. तर आम्ही काय केलं?

साईटवरचा स्लॉटचा तक्ता काढून टाकला. तो लिहायला मला एक अख्खा रविवार लागला होता, काढायला चार मिनिटं. त्याजागी पिनकोड आणि सोसायटी निवडली की दोन वार दिसतात. कोथरूड सोमवार-गुरुवार, कर्वेनगर-वारजे मंगळवार-शुक्रवार, बावधन बुधवार-शनिवार. वेळ सगळ्यांना एकच, संध्याकाळी ६:३० ते ९. रविवारी सुट्टी, काका खूश. ज्या वारी कपडे येतील त्याच दारात नवे घेतले जातील. आणि पोराने दारात नग मोजायचे, गिऱ्हाइकाच्या समोर फोनवर आकडे टाकायचे, बिल तिथेच. टॅग आता घराच्या नंबरचा, कायमचा, आणि तोच साईटवर.

वॉचमनकडे पिशवी ठेवणं बंद. यावरून दोन सोसायट्यांत बरीच नाराजी झाली, पण निळ्या शर्टानंतर मित्र ऐकायला तयार नव्हता.

गिऱ्हाइकं गेली का? गेली. "उद्या इंटरव्ह्यू आहे, आजच हवा" वाली सगळी गेली. ती परत येणार नाहीत असं आम्ही धरून चाललोय, त्यांच्यासाठी दुकानात येऊन तातडीचा दर आहेच. पहिल्या महिन्यात दिवसाच्या ऑर्डरी १४ वरून ११ वर आल्या. मित्राने मला त्या आठवड्यात फोनसुद्धा केला नाही.

पण आता ११ घ्यायचे आणि ११ द्यायचे, त्यातली ८ घरं तीच, म्हणजे दारं २२ नाहीत, १४. तीही एकाच उपनगरात, बरीचशी एकाच सोसायटीत. एकच पोरगा, फक्त संध्याकाळचे अडीच तास, ४०० रुपये. ऑर्डरला साधारण ३६. ११५ मधून ३६ गेले, उरले ७९, गुणिले ११. दिवसाला ८६९ रुपये. ऑर्डरी कमी होऊनही चौपट. दुसऱ्या पोराला काकांनी काढलं नाही, तो आता इस्त्रीच्या टेबलावर शिकतोय. म्हणजे त्याचा पगार अजून आहेच, आणि तो धरला तर चौपट वगैरे राहत नाही, हे मला मित्राने लगेच ऐकवलं.

शिवाय पावसाळ्याची परीक्षा अजून व्हायची आहे. गुरुवारी कपडे वाळलेच नाहीत तर थेट पुढच्या सोमवारी, आणि माणसाकडे तेवढे शर्ट असतातच असं नाही. धोब्याच्या काळी लोक कसं भागवायचे हे मी आजीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "वहीत बघ की, जून-जुलैची पानं." बघितली. जूनपासून प्रत्येक पानावर शर्ट ६ चे ४ झालेत, आणि समासात तिच्या अक्षरात, "दोन घरी धुतले."